मधुमेहात रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी की गव्हाची चपाती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मधुमेह नुकताच निघालेल्या माणसाच्या घरचे पहिल्याच भेटीत विचारतात, ‘आता चपाती बंद ना?’ मग महिन्याभराने फोन आणि मेसेज येतात. त्या मेसेजमधून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढ माणसासाठी आहेत. गरोदरपणातला मधुमेह आणि लहान मुलांचा मधुमेह यांचे हिशेब वेगळे असतात, ते यात धरलेले नाहीत.

१. मधुमेह निघाला म्हणजे चपाती बंद करून भाकरीच खायची का?

नाही, तशी सक्ती नाही. सारख्याच वजनाचं पीठ घेतलं तर ज्वारी आणि अख्ख्या गव्हाची कणीक रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने एकमेकींच्या बरीच जवळ आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम कणकेत सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदकं दिली आहेत आणि १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८. तंतू म्हणजे चोथा कणकेत ११ ग्रॅमच्या आसपास, ज्वारीत १० च्या आसपास. प्रथिनं दोन्हींत साधारण १० ग्रॅम. ‘गव्हात नुसती साखर, ज्वारीत नुसता चोथा’ ही समजूत या आकड्यांशी जुळत नाही.

खरा फरक पडतो तो एका भाकरीला किती पीठ लागतं आणि एका चपातीला किती, यात. तो पुढच्या प्रश्नात आहे, आणि हे पान वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ती तिथली करा.

२. एक भाकरी म्हणजे किती चपात्या?

मुंबईतल्या बहुतेक घरांत एक भाकरी म्हणजे अडीच चपात्या, कुठे कुठे तीनसुद्धा. कणकेत ग्लूटेन या चिवट प्रथिनाचा ताण असतो, म्हणून चपातीचा छोटा गोळा लाटून पातळ करता येतो. ज्वारीत ग्लूटेन नाही. उकळत्या पाण्याने थोडा स्टार्च शिजून चिकट होतो आणि त्याच्या जोरावर भाकरी थापली जाते. फार पातळ केली तर ती कडेने चिरते, उचलताना तुटते. त्यामुळे भाकरी जाडच होते आणि गोळा मोठाच घेतला जातो.

तुमच्या घरचं माप काढायला वजनकाटा लागत नाही. अर्धा किलोचं पीठ घ्या आणि ते संपेपर्यंत किती भाकऱ्या झाल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवा. सात झाल्या तर एका भाकरीला साधारण ७० ग्रॅम पीठ लागलं, म्हणजे ४८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. अर्धा किलो कणकेच्या अठरा चपात्या झाल्या तर एकीला २८ ग्रॅम कणीक, म्हणजे १८ ग्रॅम कर्बोदकं. दोन्ही आकडे एकदा काढले की पुढे ताटात बघून हिशेब करता येतो.

करणारं माणूस बदललं की माप पुन्हा काढा. सासूबाईंची भाकरी आणि भाकरीवाल्या मावशींची भाकरी यांत वीस-तीस ग्रॅमचा फरक मी स्वतः मोजलेला आहे.

३. बाबांनी चपाती सोडून भाकरी धरली आणि साखर उलट वाढली. असं कसं होईल?

हे फार वेळा होतं. माझ्याकडच्या एका गृहस्थांचं उदाहरण सविस्तर देते. वय अठ्ठावन्न, राहायला भांडुपला, गोळी फक्त मेटफॉर्मिनची. दुपारी तीन चपात्या, भाजी, आमटी आणि शेवटी अर्धी वाटी भात असं त्यांचं जेवण होतं. जेवणानंतर दोन तासांनी साखर १६५ ते १७५ यायची. कोणीतरी सांगितलं म्हणून तीन चपात्यांऐवजी दोन भाकऱ्या सुरू केल्या, बाकी ताट तेच ठेवलं. त्यांना वाटत होतं की आपण एक पोळी कमी केली. महिन्याभरात तीच साखर २१० ते २२५ दिसायला लागली आणि घरात वाद सुरू झाला की गोळी वाढवायची की नाही.

त्यांच्या पत्नीने पीठ मोजलं. पूर्वीच्या तीन चपात्यांना ८४ ग्रॅम कणीक लागायची, म्हणजे ५४ ग्रॅम कर्बोदकं. दोन भाकऱ्यांना १४२ ग्रॅम ज्वारीचं पीठ, म्हणजे जवळजवळ ९७ ग्रॅम. पिठातून येणारी कर्बोदकं पावणेदोन पटीच्या पुढे गेली होती.

आम्ही आधी दोनाची एक भाकरी केली आणि उसळ अर्ध्या वाटीवरून एक वाटी केली. साखर १६० ते १७० वर आली. पण त्यांना ‘एकच’ हा शब्द मानवेना. दुसरी भाकरी मागायची सवय हाताला होती. मग पत्नीने अर्धा किलोत अकरा भाकऱ्या बसवल्या, लहान आणि जरा पातळ, एकीला ४५ ग्रॅमच्या आसपास. त्या दोन खाल्ल्या की साखर १७० ते १८० येते. त्यांना हे जेवण पुरतं आणि डॉक्टरांनी गोळी आहे तीच ठेवली.

४. पण ज्वारीचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी असतो ना?

ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचा आकडा. तो मोजताना खाणाऱ्याला ठरावीक कर्बोदकांएवढा पदार्थ देतात, बहुधा ५० ग्रॅम कर्बोदकं येतील इतका. तुमची भाकरी केवढी आहे हे त्या आकड्याला माहीतच नसतं. इंडेक्स कमी असलेला पदार्थ दुप्पट खाल्ला तर साखर वाढणारच.

शिवाय ज्वारीच्या भाकरीचा एकच ठाम आकडा नाही. एका जुन्या भारतीय चाचणीत तो ७७ आला होता, म्हणजे चढा. नंतरच्या काही चाचण्यांत तो बराच खाली आला. गव्हाच्या चपातीचे आकडे बहुधा पन्नाशी-साठीत दिसतात. वाण कुठलं, पीठ किती बारीक, पाणी किती उकळतं, शेजारी काय खाल्लं, या सगळ्याने आकडा हलतो. ज्वारीचा स्टार्च तिच्या प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेला असतो आणि शिजताना ते जाळं घट्ट होतं, म्हणून तो जरा सावकाश पचतो हे खरं आहे. पण गिरणीत पीठ जितकं मऊ करून आणाल तितका हा फायदा कमी होतो. दळायला देताना ‘जरा जाडसर’ म्हणून सांगा, भाकरी थापता येईल इतपतच.

५. मग भाकरी खाण्यात फायदा काही आहे की नाही?

आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. भाकरीला तेल लागत नाही. घडीच्या चपातीत घडी घालताना, भाजताना आणि वरून असं मिळून एकीला चमचाभर तेल सहज जातं, आणि वजन कमी करायचं असलेल्या माणसाला ते दिवसाला दोन-अडीचशे कॅलरी पडतं. भाकरी चावावी लागते, घास सावकाश जातो, पोट भरल्याचं वेळेवर कळतं.

तिसरी गोष्ट संगतीची. भाकरी आली की ताटात पिठलं, झुणका, मेथी, अंबाडी, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कांदा हे आपोआप येतं. चपातीबरोबर आमच्या मुंबईच्या घरांत बटाट्याची सुकी भाजी नाहीतर जॅम येतो. डाळ आणि पालेभाजी साखर सावकाश चढवतात, बटाटा उलट भर घालतो. भाकरीने साखर सुधारली असं जे लोक सांगतात, त्यांतल्या अनेकांच्या ताटात पिठापेक्षा भाजी बदललेली असते. म्हणून चपातीच खाणार असाल तरी भाकरीबरोबरची भाजी तिच्याबरोबर घ्या. जेवताना आधी भाजी-उसळीचे चार घास आणि मग पोळीचा तुकडा, हा क्रम ठेवला तरी जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते.

६. मला काय मानवतं हे घरच्या घरी कसं तपासायचं?

ग्लुकोमीटर असेल तर दोन आठवड्यांत कळतं. दुपारचं जेवण निवडा. एका दिवशी ९० ग्रॅम कणकेच्या चपात्या, दुसऱ्या दिवशी ९० ग्रॅम ज्वारीची भाकरी. भाजी, उसळ, जेवायची वेळ, गोळीची वेळ आणि जेवणानंतरचं चालणं दोन्ही दिवशी सारखं ठेवा, भात नको. पहिल्या घासाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा टोचायचं. दोन तास जेवण संपल्यापासून मोजू नका, ही चूक फार जण करतात. बोट साबणाने धुऊन कोरडं करा, कारण बोटाला लागलेला आंब्याचा रस मीटरवर साखर म्हणूनच दिसतो.

हे दोन्हींचं तीन-तीन वेळा करा आणि दरवेळी साखर किती चढली, म्हणजे दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा, ते लिहा. घरच्या मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंतची चूक मान्य धरलेली असते. मीटर १८० म्हणाला तर खरा आकडा साधारण १५५ ते २०५ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून एका दिवशीच्या दहा-पंधराच्या फरकाला अर्थ नाही. तिन्ही वेळा एकाच बाजूला तीस-चाळीसचा फरक दिसला तर तुमच्यापुरतं उत्तर मिळालं. बहुतेक प्रौढांना जेवणानंतरची साखर १८० च्या आत ठेवायला सांगतात. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या माणसाचं लक्ष्य डॉक्टर वेगळं देतात, ते विचारून घ्या.

७. भाकरी खाल्ल्यावर शेवटी थोडा भात चालेल का?

भाताची जागा पिठातूनच काढावी लागते. शिजलेल्या भाताच्या मध्यम वाटीत साधारण दीड-दोन चपात्यांएवढी कर्बोदकं असतात. वरण-भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नसेल तर भाकरी अर्धी करा आणि अर्धी वाटी भात घ्या. भाकरी पूर्ण आणि ‘वर थोडासा’ भात, यात तो थोडासा कोणी मोजत नाही.

८. आम्ही कोकणातले, आमच्याकडे भाकरी म्हणजे तांदळाची. तीच चालेल ना?

ती ज्वारीच्या भाकरीच्या जागी धरू नका. मुंबईत या एका शब्दाने मोठा घोटाळा होतो. डॉक्टर ‘भाकरी खा’ म्हणतात, त्यांच्या मनात ज्वारी असते. लालबाग-परळच्या घरात ताटात येते ती तांदळाची. तांदळाच्या पिठात चोथा नावापुरता असतो आणि उकड काढल्यामुळे स्टार्च आधीच शिजलेला असतो. मालवणी खानावळीत माशांबरोबर मिळते तीही बहुधा हीच, विचारून घ्या. घावणं आणि आंबोळीही याच घरातली.

पूर्ण सोडायची गरज नाही. माशांच्या जेवणाला एक लहान तांदळाची भाकरी आणि तुकडी जास्त, असं आठवड्यातून एखाद्या वेळी बसवता येतं. रोजची मात्र ज्वारीची, नाचणीची किंवा चपाती.

९. पीठ विकतचं आणलं तर? पोळी-भाजी केंद्रातली भाकरी कशी?

पाकिटावर घटक वाचा. ‘मल्टिग्रेन आटा’ नावाच्या बऱ्याच पाकिटांत घटकांच्या यादीत पहिला गहूच असतो आणि बाकीची धान्यं थोडी थोडी असतात. वाईट काही नाही, पण ती चपातीच समजून मोजा.

ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही. जुनं पीठ विरी जातं, मग भाकरी थापताना तुटते, आणि ती सांधायला घरात तांदळाचं पीठ किंवा कणीक मिसळायला लागतात. पंधरा दिवसांचंच दळून आणा. मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर चवीला आणि थापायला उत्तम, पण साखरेसाठी म्हणून तिला जास्त पैसे मोजू नका.

विकतची भाकरी फारच पांढरी, मऊ आणि चपातीसारखी घडी होणारी असेल तर तीत दुसरं पीठ असण्याची शक्यता बरीच आहे. नुसत्या ज्वारीची भाकरी गार झाल्यावर घडी घातली की मोडते. केंद्रात सरळ विचारा, आणि एका भाकरीचा आकार प्रश्न २ प्रमाणे डोळ्यांनी तरी ताडून बघा.

१०. सकाळी सहाची लोकल, दुपारी डब्यात भाकरी वातड होते. काय करू?

डब्यात चपाती न्या आणि भाकरी रात्री गरम खा. मी बहुतेकांना हेच सांगते, कारण दोन्हींत साखरेचा फरक इतका मोठा नाही की दुपारी वाळकी भाकरी चावत बसावं. डब्यात भाकरीच बसवली की लोक तिसऱ्या आठवड्यात भाकरी टाकून देऊन समोसा-पाववर येतात. रात्री घरी पोचायला दहा वाजत असतील तर भाकरी लहान ठेवा आणि गाडीत चढण्याआधी मूठभर फुटाणे खा, म्हणजे भुकेने दुसरी घेतली जाणार नाही.

११. शिळ्या भाकरीने साखर कमी वाढते म्हणतात, खरं का?

थोडं खरं आहे. शिजलेला स्टार्च गार होताना त्यातला काही भाग असा घट्ट होतो की तो आतड्यात सहज पचत नाही. पण हा भाग लहान असतो आणि त्यासाठी भाकरीचं माप वाढवायला नको. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत रात्रीची भाकरी ओट्यावर ठेवली तर सकाळी वास मारते, मग ती टाकूनच द्या. शिळी भाकरी कुस्करून तेला-कांद्यावर परतणार असाल तर तेल मोजून घाला.

१२. चपाती सोडून भाकरीवर येताना गोळ्या-इन्सुलिनचं काय?

नुसतं मेटफॉर्मिन असेल तर सहसा धोका नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही एकदम ताटातलं पीठ निम्म्यावर आणलं, तर साखर खाली घसरू शकते. हात थरथरणं, घाम, धडधड, अचानक चिडचिड ही लक्षणं. मीटरवर ७० च्या खाली दिसलं की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ रुग्णालयात न्या. ताटात मोठा बदल करायच्या आधी डॉक्टरांना कळवा, डोस त्यांनाच ठरवू द्या.

एक अडचणीची गोष्ट घरच्यांना माहीत हवी. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल (पाकिटावर नावं वाचा, अनेक मिश्र गोळ्यांत असतं) तर साखर घसरल्यावर घरातली साखर पुरेशा वेगाने काम करत नाही, कारण ही औषधं तिचं विघटनच अडवतात. अशा घरात औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर ठेवायची आणि तीच द्यायची. याच गोळ्यांवर असताना एकदम जास्त भाकरी आणि उसळी सुरू केल्या की पोट फुगतं, गॅस होतो. आठवड्याला एका जेवणाने बदल करा.

१३. गव्हाची ॲलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर?

सिलिॲक आजार, म्हणजे ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार, असेल तर गहू पूर्ण बंद आणि ज्वारी चालते, पण गिरणीत तुमची ज्वारी गव्हावर दळली गेली तर तिच्यात कणीक येतेच. घरची छोटी गिरणी नाहीतर ग्लूटेनमुक्त लिहिलेलं पीठ घ्यावं लागतं. किडनीचं काम कमी झालेलं असेल तर अख्खं धान्य, डाळ आणि पालेभाजी किती, हे रक्तातल्या पोटॅशियम-फॉस्फरसवर ठरतं. तिथे या पानावरचे उसळ वाढवायचे सल्ले लागू करू नका, तुमच्या किडनीच्या डॉक्टरांचा तक्ता पाळा.

१४. आजी ब्याऐंशीची आहे, दात नाहीत. दुधात भाकरी कुस्करून देतो. साखर वाढेल का?

अर्धी भाकरी दुधात कुस्करली तर भाकरीचा हिशेब तोच राहतो, वर एक वाटी दुधातली सात-आठ ग्रॅम साखर येते. चावावं न लागल्याने ती थोडी लवकर चढते. दूध कमी करून पातळ पिठल्यात किंवा मुगाच्या वरणात भाकरी भिजवली तर प्रथिनंही जातात आणि आजींना गिळायला तितकंच सोपं पडतं. या वयात मला जास्त काळजी असते ती जेवण कमी होऊन वजन उतरण्याची. आजी दूध-भाकरीच पोटभर खात असतील आणि दुसरं काही जात नसेल, तर ती काढून घेऊ नका. वरून साखर-गूळ घालू नका आणि गोळीचा डोस तिच्या आताच्या खाण्याला साजेसा आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या.